पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत आणि पोटाचं जुनं ऑपरेशन झालंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातनं सारखे येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. शब्द वेगवेगळे असले तरी विषय बहुतेक वेळा एकच असतो, की घरात कुणाचं तरी पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि पोटावर जुन्या टाक्यांची खूण आहे. आत्ता या क्षणी घरात हेच चाललं असेल तर सगळं वाचत बसू नका, फक्त प्रश्न ५ आणि ६ बघा आणि निघा.

१. आतडं अडकतं म्हणजे नक्की काय होतं?

लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं आणि पोटात वेटोळी घालून बसलेलं असतं. त्यातनं अन्न आणि पाणी सतत पुढं सरकत असतं. कुठंतरी ते दाबलं गेलं, मुडपलं किंवा पीळ पडला की पुढचा रस्ता बंद होतो, आणि मागनं येणारं सगळं तिथंच साठायला लागतं. शेतात पाणी चालू असताना रबरी पाइप मुडपली की मागचा भाग कसा टम्म फुगतो आणि पुढं थेंब येत नाही, तसंच. आतडं तो अडथळा ढकलायला जोर लावतं म्हणून कळा येतात, साठलेलं वर येतं म्हणून उलट्या, आतडं फुगतं म्हणून पोट मोठं दिसतं, आणि खाली काही पोचत नाही म्हणून संडास आणि वारा दोन्ही बंद. या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढं सगळीकडं त्याच येणारेत.

२. आईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वी झालं, त्याचा आत्ता काय संबंध?

आहे, आणि सगळ्यात मोठा संबंध तोच आहे. पोट उघडलं की आत जिथं जिथं हात लागतो, रक्त सांडतं, सूज येते, तिथं जखम भरताना शरीर चिकट पट्टे तयार करतं. वरच्या कातडीवर जसा व्रण राहतो तसा आतही राहतो, फक्त आतला दिसत नाही. डॉक्टर त्याला अॅडहेजन म्हणतात, घरी सांगताना 'आतडी चिकटलीत' असं म्हणतात. बहुतेकांना या पट्ट्यांचा जन्मभर काहीच त्रास होत नाही. पण एखाद्या दिवशी आतड्याचं एक वेटोळं अशा पट्ट्याखाली सरकतं किंवा त्याच्याभोवती मुडपतं आणि अडकतं. ज्यांचं पोटाचं ऑपरेशन झालंय त्यांच्यात लहान आतडं अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

याला मुदत नसते. ऑपरेशननंतर महिन्यानं होऊ शकतं आणि वीस वर्षांनीही. अपेंडिक्स, गर्भपिशवी, सिझर, आतड्याला भोक पडून झालेलं ऑपरेशन, मोठ्या आतड्याचं ऑपरेशन, सगळं यात धरायचं. ओटीपोटातली आणि आतड्यावरची ऑपरेशनं जरा जास्त त्रासाची, आणि आत पू झाला असेल तर पट्टे जास्त होतात. बायका बऱ्याचदा 'ऑपरेशन कुठलं नाही' असं सांगतात आणि मग कळतं की दोन सिझर आणि मूल बंद करायचं ऑपरेशन झालंय. ते पण ऑपरेशनच आहे हो, सांगायचं.

३. गॅस झालाय का खरंच अडकलंय हे घरच्या माणसाला कळणार कसं?

शंभर टक्के घरी कळत नाही, पण चालीवरनं बराच अंदाज येतो. अपचनात पोट जड होतं, ढेकर येतात, एखादी उलटी झाली की बरं वाटतं आणि वारा सरत असतो. अडथळ्यात कळ लाटेसारखी येते, बेंबीच्या आसपास पिळवटतं, माणूस वाकून बसतो, मिनिटभरानं सैल पडतं आणि चार-पाच मिनिटांनी परत येतं. उलटी झाली की थोडा वेळ बरं वाटतं पण परत येतेच.

उलटीचा रंग बघायला लाजू नका. आधी खाल्लेलं पडतं, मग हिरवं-पिवळं पित्त, आणि उशीर झाला की तपकिरी, संडाससारखा वास येणारं पाणी. तो वास आला म्हणजे खूप वेळ गेलाय. एक अडचण मात्र आहे. अडथळा वर असेल तर उलट्या लवकर आणि जोरात होतात पण पोट फारसं फुगत नाही, आणि अडथळा खाली असेल तर पोट ढोलासारखं होतं पण उलटी उशिरा सुरू होते. म्हणून 'पोट तर सपाट आहे' किंवा 'उलटी तर एकच झाली' यावर निर्धास्त होऊ नका. साडीची गाठ, लेंग्याची नाडी सकाळी जिथं बांधली होती तिथं संध्याकाळी घट्ट होतेय का, हे बघणं मोजपट्टीपेक्षा सोपं.

४. रात्री दोनला सुरू झालंय, सकाळी नेलं तर काय बिघडतं? एवढी घाई कशाला?

दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही घड्याळावर चालतात.

पहिली पाण्याची. आपली लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि पिलेलं पाणी धरून लहान आतड्यात रोज ८ ते ९ लिटर द्रव उतरतो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात शोषला जातो. रस्ता बंद झाला की तो परत येत नाही, फुगलेल्या आतड्यात साठतो नाहीतर उलटीतनं बाहेर जातो. म्हणजे पोट पाण्यानं भरलेलं आणि रक्त मात्र कोरडं. लघवी कमी आणि गडद होते, जीभ कोरडी पडते, नाडी पळायला लागते, पोटॅशियम उतरतं, किडनीवर ताण येतो. म्हातारी माणसं, शुगर-किडनीवाले इथंच आधी ढासळतात.

दुसरी गोष्ट जास्त भीतीची. वेटोळं दोन्ही बाजूंनी अडकलं किंवा पीळ पडला तर आतड्याला जाणाऱ्या रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. रक्त मिळालं नाही की तेवढा तुकडा काळा पडायला लागतो, आणि हे दिवसांत नाही, तासांत होतं. वेळेत सोडवलं तर रंग परत येतो. उशीर झाला तर तेवढं आतडं कापावं लागतं, आणि त्याहून उशीर झाला तर ते फुटतं, घाण पोटात सांडते आणि जंतू रक्तात जातात. बाहेरनं बघून यातलं कुठलं चाललंय हे पहिल्या काही तासांत पक्कं सांगता येत नाही, डॉक्टरलाही तपासण्या लागतात. म्हणून सकाळची वाट बघायची नाही.

५. नक्की काय दिसलं की अर्ध्या रात्री निघायचंच?

पोटाचं जुनं ऑपरेशन असेल आणि कळा, परत परत उलट्या, पोट फुगणं, वारा बंद, यातलं कुठलंही दोन एकत्र दिसलं तर त्याच रात्री निघा, चारही पूर्ण व्हायची वाट बघू नका.

आणि पुढचं काही दिसलं तर गाडी शोधत बसू नका, १०८ लावा किंवा मिळेल त्या वाहनानं निघा: लाटेसारखी कळ आता सतत दुखण्यात बदलली, पोटाला हात लावू देत नाही किंवा पोट लाकडासारखं कडक झालंय, ताप किंवा थंडी वाजतेय, हातपाय गार आणि घाम, माणूस गुंगल्यासारखा झालाय, सात-आठ तास लघवीच नाही, हिरवी किंवा घाण वासाची उलटी, जांघेत किंवा बेंबीजवळ कडक दुखणारा गोळा जो आत जात नाही.

६. निघेपर्यंत घरी काय देऊ? एरंडेल, सोडा, ओआरएस, गोळी काहीतरी?

तोंडानं काहीच नाही. पाणी मागितलं तर ओठ ओले करा, चूळ भरायला द्या, बस. ओआरएस जुलाबात चांगलं, इथं ते त्याच बंद आतड्यात जाऊन साठतं आणि उलटीतनं श्वासनळीत जायचा धोका वाढतो.

एरंडेल, जुलाब होण्याची गोळी, घरी एनिमा, हे सगळ्यात वाईट, कारण बंद रस्त्यावर मागनं आणखी जोर लावल्यासारखं होतं. पोट चोळणं, तेल लावून दाबणं, गाठ उतरवणं असलं काही करू नका. मेडिकलमधनं आणलेलं उलटीचं औषधही नको, त्यातली काही औषधं आतड्याची हालचाल वाढवतात आणि पूर्ण अडथळ्यात ती चालत नाहीत. दुखण्याची गोळी पोटात टिकत नाही, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही पेनकिलर किडनीला लागतात. दवाखान्यात शिरेतनं दुखणं कमी करतात, ते घ्यायला हरकत नाही, त्यानं आजार लपत नाही.

झोपवायचं तर डोकं उंच आणि कुशीवर. शुगरच्या गोळ्या उपाशीपोटी देऊ नका. इन्सुलिन चालू असेल तर मनानं पूर्ण बंद करू नका, सोबत घ्या, साखर तपासा आणि नेहमीच्या डॉक्टरला फोनवर विचारा.

७. आधी गावातल्या डॉक्टरला दाखवू का थेट मोठ्या हॉस्पिटलात?

गावातला डॉक्टर दारात असेल तर दाखवा, पण एकाच कामासाठी: सलाइन लावून चिठ्ठी देऊन लगेच पाठवायला. 'इंजेक्शन देतो, दुपारपर्यंत बघू' असं झालं तर नम्रपणे सांगा की जुनं ऑपरेशन आहे, आम्ही पुढं नेतो.

कुठं न्यायचं हे नावावर ठरवू नका, चार गोष्टींवर ठरवा आणि निघतानाच फोन करून विचारा: आत्ता रात्री सर्जन आहे का, सीटी स्कॅन चालू आहे का, भूल देणारे डॉक्टर आणि आयसीयू आहे का, रक्त मिळतं का. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांना बेळगावच सोयीचं, तिथं सरकारी बिम्स आहे, केएलईचं कोरे हॉस्पिटल आहे. पावसाळ्यात जांबोटीकडचा रस्ता आणि जाणारा वेळ धरून आणखी लवकर निघा. निपाणीवाल्यांना हायवेनं कोल्हापूर जवळ, अथणीकडच्यांना मिरज. सरहद्द ओलांडायला लागते म्हणून बिचकू नका, जवळचं आणि सोय असलेलं ते बरोबर. हॉस्पिटलं बदलत फिरण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत, म्हणून फोन आधी.

८. तिथले डॉक्टर कन्नड बोलतात, आईला मराठीच येतं. काय सांगायचं?

बेळगावात बहुतेक ठिकाणी मराठी चालतं, पण रात्रीच्या ड्युटीला बाहेरचे शिकाऊ डॉक्टरही असतात. 'मोदल होट्टी ऑपरेशन आगैती, होट्टी उब्बैती, वांती आगाकत्तैती, गॅस होगवल्दु' एवढं आलं तरी पुरतं, म्हणजे आधी पोटाचं ऑपरेशन झालंय, पोट फुगलंय, उलटी होतेय, वारा सरत नाही. जुन्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद असेल तर तो हातात द्या, नसेल तर कातडीवरचा व्रण दाखवा. त्यासोबत या तीन गोष्टींची वेळ सांगा: दुखणं कधी सुरू झालं, शेवटचा वारा कधी सरला, शेवटची लघवी कधी झाली. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर न विचारता सांगा. बीपीच्या काही गोळ्यांमुळं नाडी पळत नाही आणि आजार हलका वाटतो, म्हणून त्या पण दाखवा.

९. नाकातनं नळी घातलीय, आईला सहन होईना, काढायला सांगू का?

नको, तीच नळी आत्ता काम करतेय. रायल्स ट्यूब म्हणतात तिला, नाकातनं जठरात जाते आणि साठलेलं बाहेर काढते. त्यानं उलटी थांबते, फुगलेलं आतडं सैल पडतं, आणि उलटी फुप्फुसात जायचा धोका कमी होतो. घशाला पहिले काही तास टोचतं, मग जरा सवय होते. पिशवीत किती आणि कुठल्या रंगाचं पडतंय हे लिहून ठेवतात, आणि तुम्ही पण बघत राहा, हिरव्याचं पाण्यासारखं होत गेलं आणि मात्रा कमी झाली तर चांगली खूण. नळीतनं पाणी पाजू नका, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय घोटभरही नाही.

सोबत सलाइन, पोटॅशियम भरून काढणं, लघवीची नळी (तासाला किती होते ते कळायला), रक्त तपासणी आणि सीटी स्कॅन. ते कुठं अडकलंय, आतड्याला रक्त मिळतंय का आणि वेटोळं दोन्हीकडनं बंद आहे का, हे सीटीवर सगळ्यात चांगलं दिसतं.

१०. ऑपरेशन लागणारच का?

नाही. चिकटण्यामुळं झालेले बरेच अडथळे, खासकरून अर्धवट असलेले, नळी आणि सलाइनवरच सुटतात. पण ही वाट बघणी हॉस्पिटलात, रोज दोन-तीन वेळा सर्जननं पोटाला हात लावून, नाडी बघून करायची असते.

यात एक चांगली युक्ती वापरतात. नळीतनं सुमारे १०० मिली, एक्सरेत दिसणारं आयोडीनचं डाय सोडतात, नळी काही वेळ बंद ठेवतात आणि मग एक्सरे काढतात. २४ तासांत डाय मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय सुटतं. पोचलं नाही तर सर्जन ऑपरेशनच्या तयारीला लागतात. नुसतं वाट बघणंही साधारण ७२ तासांच्या पुढं नेत नाहीत. आणि आतड्याचं रक्त तुटल्याची खूण, म्हणजे कळ सतत दुखण्यात बदलणं किंवा पोट लाकडासारखं कडक होणं, दिसली तर २४ किंवा ७२ कशाचीच वाट नाही, लगेच ऑपरेशन.

११. एखादी खरी केस सांगा ना, म्हणजे नीट कळेल.

सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

निपाणीकडच्या एक बाई, वय ५२, तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या. गर्भपिशवी नऊ वर्षांपूर्वी काढलेली, पोटावर उभा व्रण. रात्री ८ ला भाकरी आणि पालेभाजी खाल्ली. ११ ला बेंबीजवळ कळा सुरू, चार-पाच मिनिटांनी येणाऱ्या. १ वाजता अन्नाची उलटी. पहाटे ५ ला थोडी संडास झाली म्हणून घरचे निर्धास्त झाले. ६ ला हिरवी उलटी. ९ ला गावातल्या दवाखान्यात अॅसिडिटीचं इंजेक्शन, 'गॅस आहे' म्हणून घरी पाठवलं. दुपारी दोन तास बरं वाटलं आणि इथंच दिवस गेला. ४ वाजता परकराची नाडी सैल करावी लागली, वारा सकाळपासून नाही, लघवी एकदाच आणि गडद.

संध्याकाळी ७ ला आमच्या वॉर्डात आल्या. नाडी ११२, बीपी १००/७०, ताप नाही, पोट फुगलेलं पण मऊ. नळी घातली आणि पहिल्या अर्ध्या तासात १.४ लिटर हिरवट-तपकिरी पाणी आलं. बाई म्हणाल्या, 'आता श्वास घ्यायला येऊलालंय.' पोटॅशियम ३.०, क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनीवर ताण आलेला. आधी सलाइननं भरून काढलं, मग सीटी. ओटीपोटात जुन्या ऑपरेशनच्या जागी रस्ता एकदम अरुंद, पण आतड्याला रक्त नीट. मग डाय दिलं.

२४ तासांनी डाय मोठ्या आतड्यात नव्हतं, नळीतनं दिवसभरात अजून १.२ लिटर येतच होतं. तिथंच ऑपरेशनचा निर्णय झाला. तयारी चालू असतानाच नाडी १२४ झाली आणि कळा सतत दुखण्यात बदलल्या, म्हणून रात्रीच घेतलं. बोटाएवढा जाड एक पट्टा होता, त्याखाली साधारण २० सेंटीमीटरचं वेटोळं अडकून गडद जांभळं झालेलं. पट्टा कापला, कोमट सलाइनचे पॅड ठेवून थांबलो, आणि हळूहळू रंग परत गुलाबी झाला, हालचाल दिसली, म्हणून काही कापावं लागलं नाही. चौथ्या दिवशी वारा सरला, आठव्या दिवशी घरी. आणखी अर्धा दिवस गेला असता तर ते वेटोळं वाचलंच असतं असं मी म्हणणार नाही.

१२. पण संडास झाली होती की, मग अडकलंय असं कसं म्हणता?

वरच्या केसमध्ये याच गोष्टीनं फसवलं. अडथळ्याच्या खालच्या आतड्यात जे आधीपासून असतं ते बाहेर येऊ शकतं. एक-दोनदा होतं आणि मग बंद. अडथळा अर्धवट असेल तर पातळ संडासही होत राहते आणि लोक त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध देतात. पोट फुगतच चाललंय आणि उलट्याही चालू आहेत तर संडास झाली याला काही अर्थ नाही.

१३. एक्सरे काढला, 'नॉर्मल' म्हणाले. मग घरी न्यायचं ना?

लवकर काढलेला साधा एक्सरे नॉर्मल येऊ शकतो, आणि आतडं हवेऐवजी पूर्ण पाण्यानं भरलेलं असेल तरी त्यात नीट दिसत नाही. लक्षणं चालू असतील आणि जुनं ऑपरेशन असेल तर सीटी लागतो, किंवा निदान भरती ठेवून काही तासांनी परत तपासणं. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून आतडं ठीक आहे असंही नाही, आतड्याला रक्त कमी पडल्यावर वाढणारं लॅक्टेटही सुरुवातीला नॉर्मल असू शकतं.

१४. रात्रभर दुखत होतं, आता अचानक थांबलंय. सुटलं ना?

वारा सरला, पोट खाली गेलं, भूक लागली, नाडी शांत आहे, तर सुटलं असू शकतं. पण पोट तसंच ताणलेलं, माणूस मलूल, नाडी पळतेय आणि दुखणं मात्र थांबलं, तर ते आतडं थकल्याचं किंवा आतनं वाईट होत चालल्याचं लक्षण असू शकतं. ही शांतता आम्हाला जास्त घाबरवते. डॉक्टरला दाखवल्याशिवाय निघालेली गाडी परत वळवू नका.

१५. माझं दुर्बिणीतनं झालं होतं, तीन छोटी भोकं फक्त. मला पण होऊ शकतं का?

होऊ शकतं. दुर्बिणीतनं चिकटणं कमी होतं, पण शून्य होत नाही. एक वेगळी गोष्ट म्हणजे मोठ्या भोकाच्या जागी कधीकधी आतडं बाहेर शिरून अडकतं, मग तिथं छोटा दुखणारा फुगवटा दिसतो. बाकी नियम तेच, प्रश्न ५.

१६. बाबांच्या पोटाचं एकही ऑपरेशन नाही, तरी तशीच लक्षणं आहेत.

मग जास्त गंभीरपणे घ्या, कमी नाही. चिकटण्याचा प्रश्न नसेल तर जांघेतला किंवा बेंबीचा हर्निया अडकणं, आतड्याचा टीबी, गाठ, मोठ्या आतड्याला पीळ, ही कारणं समोर येतात. कपडे काढून जांघ बघा, म्हातारी माणसं लाजेनं वर्षानुवर्षं सांगत नाहीत. रोज आत जाणारा गोळा आज कडक झाला आणि आत जाईना, तर जबरदस्तीनं दाबून आत ढकलू नका, तसाच घेऊन या.

१७. ऑपरेशन होऊन पाचच दिवस झालेत, पोट फुगलंय. हेच का?

बऱ्याचदा नाही. ऑपरेशननंतर काही दिवस आतडी झोपल्यासारखी असतात, त्यात कळा फारशा येत नाहीत आणि हळूहळू सुटतं. पोटॅशियम कमी असेल किंवा काही औषधांमुळं ते लांबतं. पण आधी वारा सरला होता, जेवण सुरू झालं होतं आणि मग परत फुगलं, उलट्या लागल्या, ताप आला, तर त्याच सर्जनकडं त्याच दिवशी. टाक्यातनं गळती किंवा पू असंच दाखवतं.

१८. सहा महिन्यांची गरोदर आहे, आधीचं सिझर आहे. उलट्या म्हणजे गरोदरपणाच्याच ना?

गरोदरपणाच्या उलट्या बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत असतात. सहाव्या-सातव्या महिन्यात नव्यानं उलट्या, लाटेसारखी कळ आणि वारा बंद, त्यात जुनं सिझर, तर पोटातलं आतडं धरूनच तपासायचं. वाढणाऱ्या गर्भपिशवीनं जुने पट्टे ताणले जातात, आणि पोट आधीच मोठं असल्यानं फुगणं कळत नाही. प्रसूतीचे डॉक्टर आणि सर्जन दोन्ही असतील तिथं न्या. तपासणी कुठली करायची ते दोघं मिळून ठरवतात, बाळाच्या भीतीनं तुम्ही नाही म्हणू नका. आई वाचली तरच बाळ.

१९. घरी सोडलंय. आता खायला काय?

वारा सरतोय आणि पोट मऊ आहे याची खात्री झाल्यावरच सोडतात. पहिले काही दिवस थोडं थोडं, चार-पाच वेळा: मऊ भात, पेज, पातळ वरण, ताक. दोन-तीन आठवडे चोथ्याचं कमी ठेवा, म्हणजे शेंगांचं टरफल, मक्याचं कणीस, कच्ची कोबी, उसाचे कांडे चघळणं. हंगामात संत्र्याच्या फोडी सालीसकट गिळणं हे ज्यांच्या जठराचं ऑपरेशन झालंय त्यांनी कायमचं टाळा, तो चोथा गोळा होऊन खरंच आतड्यात अडकतो. बाकीच्यांना नंतर नेहमीचं जेवण चालतं, फक्त नीट चावून. कुठल्याही काढ्यानं किंवा चूर्णानं आतले पट्टे विरघळत नाहीत, त्यावर पैसे घालवू नका.

२०. परत होईल का? एकदाच ऑपरेशन करून सगळं चिकटलेलं सोडवून टाका ना.

काहीजणांना परत होतं, आणि एकदा झालंय त्यांना न झालेल्यांपेक्षा जास्त. पण चांगल्या अवस्थेत फक्त चिकटलेलं सोडवायला पोट उघडत नाहीत, कारण ते ऑपरेशन नवे पट्टे तयार करतं आणि सोडवताना आतड्याला भोक पडायची भीती असते. परत परत अडकत असेल तर सर्जन तुमच्या केसपुरता वेगळा विचार करतात. आधीचा अनुभव असलेले लोक मात्र 'मागच्या वेळी सलाइनवर सुटलं होतं' म्हणून या वेळी घरी थांबतात, ते करू नका, दरवेळचा अडथळा वेगळा असू शकतो. जुना सीटी आणि डिस्चार्ज कागद एका पिशवीत ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

२१. पैशाचं काय? कार्ड आहे पण रेफरल चिठ्ठी नाही.

कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत एरवी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, पण तातडीच्या आजारात योजनेतल्या हॉस्पिटलात थेट जाता येतं. पोचल्यावर एकानं पेशंटसोबत थांबायचं आणि दुसऱ्यानं रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेच्या काउंटरवर जायचं, आरोग्यमित्र असतो तिथं. कोल्हापूर-मिरजेकडं नेणार असाल तर तुमचं कार्ड तिथं चालतं का हे प्रश्न ७ मधल्या त्याच फोनवर विचारा. कागद घरी राहिले म्हणून परत जाऊ नका, कुणाला तरी फोटो पाठवायला सांगा.